सीलबंद बाटलीतला कॉस्टिक आणि पुरवठादाराला लिहिलेलं एक पत्र

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी चाचणी प्रयोगशाळेचं आहे. आसपासच्या औषध कारखान्यांचे आणि थोडेफार खाद्यपदार्थांचे नमुने तिथे तपासले जातात. मी त्या काळात तिथल्या गुणवत्ता विभागात काम करत होतो, त्यामुळे पत्राचे सगळे मसुदे माझ्या टेबलावरून गेले. प्रयोगशाळा, वितरक आणि उत्पादक यांची नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशीलही गाळले आहेत.

माल अगदी साधा होता: विश्लेषणासाठी वापरायच्या दर्जाचा सोडियम हायड्रॉक्साइड, गोळ्यांच्या रूपातला. लॅबमध्ये त्याला सगळे कॉस्टिकच म्हणतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फोंड्याच्या वितरकाकडून ५०० ग्रॅमच्या १२ प्लास्टिक बाटल्या आल्या, सगळ्या एकाच लॉटच्या. लेबलवर शुद्धता किमान ९८.० टक्के आणि कार्बोनेट जास्तीत जास्त १.० टक्का असं छापलेलं. सोबतच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर, म्हणजे सीओएवर, शुद्धता ९८.६ आणि कार्बोनेट ०.६. स्टोअरमध्ये लेबल, लॉट नंबर, मुदत आणि सील पाहून माल आत घेतला गेला. अशा रसायनांची आल्या आल्या स्वतः चाचणी करायची पद्धत तिथे नव्हती. बहुतेक लॅबमध्ये नसते, आणि दरवर्षी शेकडो बाटल्या येत असताना ती असावी असंही मी म्हणणार नाही.

अडचण कशी लक्षात आली

अडचण एका केमिस्टच्या नजरेत आली, तीही रजिस्टर चाळताना. या लॅबमध्ये ०.१ मोलर कॉस्टिकचं द्रावण करताना लिटरला ४.२ ग्रॅम गोळ्या घेतात. थोडं जास्त घ्यायचं, मग पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर प्रमाणित करून नेमका फॅक्टर लिहायचा, म्हणजे खरी तीव्रता ०.१ मोलरच्या किती पट आहे तो आकडा. गेली दोन वर्षं हा फॅक्टर १.०३च्या आसपास येत होता. नव्या लॉटची पहिली बाटली उघडल्यावर तो ०.९९ आला. लॅबच्या स्वीकार्य मर्यादेत तो बसत होता, त्यामुळे नियमाप्रमाणे कुणी काही करायची गरज नव्हती. पण आधीच्या पानांवरची ओळ सरळ होती आणि इथे ती एकदम खाली उतरली होती.

गणित करायला वेळ लागत नाही. ४.२ ग्रॅममध्ये ९८.५ टक्के कॉस्टिक असेल तर द्रावण ०.१०३ मोलर होतं. ०.०९९ आलं याचा अर्थ गोळ्यांमध्ये अल्कली सुमारे ९४ टक्केच होती. बाटलीत पाहिलं तर गोळ्या एकमेकींना चिकटून एका बाजूला गठ्ठा झालेला.

मॅनेजर मॅडमनी त्याच दुपारी वितरकाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पावसात सोड्याचं असंच होतं. बाटली उघडी राहिली असेल." त्यात खोटं काही नव्हतं. वेर्ण्याच्या पठारावर जुलैमध्ये काय दमट हवा असते ते तिथे काम करणाऱ्याला सांगायला नको. कॉस्टिकची गोळी तराजूवर ठेवली तर आकडा स्थिर होण्याऐवजी वर सरकत राहतो. आणि ज्या बाटलीवरून तक्रार चालली होती ती उघडलेली होती, दिवसातून पाचसहा वेळा तिचं झाकण निघत होतं. त्या बाटलीच्या जोरावर पत्र लिहिलं असतं तर वितरकाचं हेच वाक्य उत्तर म्हणून लेटरहेडवर परत आलं असतं.

कोणते मार्ग समोर होते

पहिला मार्ग काहीच न करण्याचा. संचालकांचा कल तिकडे होता, आणि त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चुकीचं नव्हतं. द्रावण प्रमाणित केल्यावर गोळ्या ९८ टक्के होत्या की ९४, याने निकालात फरक पडत नाही. खरी तीव्रता फॅक्टरमध्ये येऊन जाते. कार्बोनेट वाढलं असतं तर गोष्ट वेगळी होती, कारण त्याने फिनॉल्फथॅलिनचा शेवटचा गुलाबी रंग रेंगाळतो आणि निर्देशक बदलला की उत्तरही बदलतं. फक्त पाणी शिरलं असेल तर फॅक्टर लावा आणि पुढे चला, असं ते म्हणत.

दुसरा मार्ग, फोनवरच बोलून १२ बाटल्या बदलून घ्यायच्या. वितरक त्याला कदाचित तयारही झाला असता, पण बदली माल त्याच लॉटचा आला असता.

तिसरा मार्ग लेखी तक्रारीचा. मॅडमनी तो निवडला आणि त्याची दोन कारणं दिली. एक, लॅब आयएसओ/आयईसी १७०२५ प्रमाणे मान्यताप्राप्त होती आणि त्या मानकाचं ६.६ कलम बाहेरून घेतलेल्या मालावर आणि पुरवठादारावर नजर ठेवायला, गरज पडल्यास कारवाई करून तिची नोंद ठेवायला सांगतं. फोनवरच्या बोलण्याची नोंद होत नाही. दुसरं कारण मला जास्त पटलं. याच उत्पादकाकडून पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइडही येत होतं, तशाच बाटल्यांत. दोष बाटलीचा असेल तर तो कॉस्टिकपुरता थांबणारा नव्हता.

पण पत्र लगेच पाठवायचं नाही, आधी सीलबंद बाटल्यांवर पुरावा गोळा करायचा, हेही त्यांनी तेव्हाच ठरवलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तो.

पुरावा: आधी तराजू, मग ब्युरेट

उरलेल्या ११ बाटल्या सीलबंद होत्या. त्यांतल्या किती उघडायच्या आणि कोणत्या? उघडलेली बाटली पुराव्यातून बाद होते आणि परतही जात नाही. तेव्हा त्या रजिस्टरवाल्या केमिस्टने सुचवलं की बाटल्या न उघडताच वजन करूया. आत पाणी शिरलं असेल तर बाटली जड झालेली असणार. इतकं साधं काही आम्हा बाकीच्यांना सुचलं नव्हतं.

अकराही बाटल्या बाहेरून पुसून तराजूवर ठेवल्या. सात बाटल्या ५५३ ते ५५८ ग्रॅमच्या दरम्यान निघाल्या, आणि उरलेल्या चार ५६६, ५६८, ५७१ आणि ५७२ ग्रॅम. भरताना दोनतीन ग्रॅम इकडेतिकडे होणारच, पण इथे मधली जागा रिकामी होती. ५५८च्या वर थेट ५६६. दोन वेगळे गट उघड दिसत होते.

मग तीन बाटल्या उघडायचं ठरलं: एक हलकी, ५५६ ग्रॅमची, आणि दोन जड, ५६८ आणि ५७२ ग्रॅमच्या. उघडताना गुणवत्ता विभागातर्फे मी हजर होतो आणि फोटो काढले. तिन्हींच्या बाहेरच्या झाकणाची फाडायची पट्टी शाबूत होती. हलक्या बाटलीत आतलं पांढरं बूच घट्ट बसलेलं, चिमट्याने उचकटावं लागलं. दोन्ही जड बाटल्यांत तेच बूच एका बाजूने वर आलेलं, झाकणाच्या दाबाने तिरकं अडकून राहिलेलं. बोट लावताच ते निघालं. हलक्या बाटलीतल्या गोळ्या खुळखुळत होत्या. जड बाटल्यांत त्यांचा गठ्ठा झाला होता.

टायट्रेशनची पद्धत नेहमीचीच, पण हात मोकळा सोडून चालणार नव्हतं. वातानुकूलित, कोरड्या केलेल्या वजन खोलीत, झाकणाच्या वजन बाटलीत, सुमारे दोन ग्रॅम गोळ्या पटकन घ्यायच्या. उकळून गार केलेल्या, कार्बन डायऑक्साइड काढलेल्या पाण्यात विरघळवायच्या. १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने फिनॉल्फथॅलिनवर रंग जाईपर्यंत टायट्रेट करायचं, आणि मग मिथाइल ऑरेंज टाकून पुढे. एकूण आम्लावरून एकूण अल्कली निघते, आणि दुसऱ्या टप्प्यात लागलेल्या आम्लावरून कार्बोनेट.

दुसरा टप्पा फार छोटा असतो, तिथे काळजी घ्यावी लागते. दोन ग्रॅममध्ये एक टक्का कार्बोनेट असेल तर १ मोलर आम्ल जेमतेम ०.१९ मिलिलिटर लागतं. ५० मिलिलिटरच्या ब्युरेटवर ते दोन रेघांचं अंतर आहे, त्यावर कुणाशी वाद घालता येत नाही. म्हणून गुलाबी रंग फिका होऊ लागला की तिथून पुढे १० मिलिलिटरच्या ब्युरेटमधून ०.१ मोलर आम्ल वापरलं. तेच ०.१९ मग १.९ मिलिलिटर होतं आणि डोळ्याला नीट वाचता येतं.

५७२ ग्रॅमच्या बाटलीचं उदाहरण घेतो. नमुना २.०१२ ग्रॅम. दोन्ही ब्युरेट मिळून लागलेलं आम्ल १ मोलरच्या हिशेबात ४८.१० मिलिलिटर. एका मिलिलिटरला ०.०४० ग्रॅम कॉस्टिक, म्हणजे १.९२४ ग्रॅम, म्हणजे ९५.६ टक्के. दुसऱ्या टप्प्यात ०.१ मोलर आम्ल १.५ मिलिलिटर, म्हणजे कार्बोनेट ०.८ टक्के. ५६८ ग्रॅमच्या बाटलीची शुद्धता ९६.४ आली आणि हलकीची ९८.४. त्याच दिवशी, त्याच आम्लाने, त्याच केमिस्टने आधीच्या लॉटची एक सीलबंद बाटली उघडून तपासली, ती ९८.३ आली. ही शेवटची चाचणी नसती तर "तुमचं आम्लच बरोबर नसेल" म्हणायची वाट मोकळी राहिली असती. प्रत्येक नमुना दोनदा केला, दोन आकड्यांत ०.२ टक्क्यांहून जास्त फरक आला नाही. क्लोराइड मर्यादेत होतं.

आकड्यांनी तक्रारच बदलली

इथवर सगळ्यांच्या डोक्यात वाक्य एकच होतं: लॉट शुद्धतेत नापास आहे. पण आकडे नीट लावून पाहिल्यावर ते वाक्य टिकेना.

हलकी बाटली पास झाली होती, म्हणजे उत्पादकाने बनवलेला कॉस्टिक ठीक होता. जड बाटल्यांत कमी पडलेली टक्केवारी कुठे गेली हे वजन सांगत होतं. हलक्या बाटल्यांचं सरासरी वजन ५५६ धरलं तर ५७२ची बाटली १६ ग्रॅमने जड. रिकाम्या बाटलीचं वजन वजा करून आत ५०१ ग्रॅम माल होता असं मानलं आणि त्यात १६ ग्रॅम पाणी घातलं, तर ९८.४ टक्क्यांचे साधारण ९५.४ व्हायला हवेत. टायट्रेशनने ९५.६ दिले. ५६८च्या बाटलीसाठी अंदाज ९६.१, निकाल ९६.४. तराजू आणि ब्युरेट, एकमेकांशी संबंध नसलेली दोन साधनं, एकच गोष्ट सांगत होती. माल तोच होता, त्यात बाहेरून पाणी मिसळलं होतं.

कार्बोनेट मर्यादेत राहिलं, याचाही त्याच्याशी मेळ बसतो. पावसाळ्यात गोव्याच्या एक घनमीटर हवेत २३-२४ ग्रॅम पाण्याची वाफ असते आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम पाऊण ग्रॅम. फटीतून हवेची देवघेव झाली तर कॉस्टिक आधी पाणीच ओढून घेणार. कार्बोनेट वाढलेलं दिसायला बराच जास्त काळ लागतो. "कार्बोनेट पास आहे म्हणजे बाटलीत हवा गेलेलीच नाही" असं कुणी म्हटलं तर ते खरं नसतं, हे आम्हाला पुढे लगेचच उपयोगी पडलं.

पत्र

पहिला मसुदा खरेदी विभागातल्या एकाने लिहिला होता. "आपल्या निकृष्ट मालामुळे आमचे काम खोळंबले असून ग्राहकांचे नुकसान झाले आहे" अशी त्याची सुरुवात. मॅडमनी तो सगळा खोडला. काम खोळंबलं नव्हतं, ग्राहकाचं नुकसानही झालं नव्हतं. फॅक्टर लावलेला असल्यामुळे एकही अहवाल बदलावा लागला नाही, हे आम्ही स्वतःच तपासून नोंदवलं होतं. पत्रातलं एक वाक्य खोटं निघालं की समोरचा त्याच वाक्याला उत्तर देतो आणि बाकीचं पत्र बाजूला राहतं.

पाठवलेलं पत्र इंग्रजीत, एका पानाचं होतं. वितरकाच्या नावे, आणि प्रत उत्पादकाच्या गुणवत्ता विभागाला. त्याचा गाभा असा:

"आपल्याकडून मिळालेल्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या वरील लॉटमधील १२ बाटल्यांपैकी ११ सीलबंद बाटल्यांचे वजन आम्ही केले. सर्व वजने सोबत जोडली आहेत. चार बाटल्या इतरांपेक्षा ८ ते १९ ग्रॅमने जड आहेत. तीन सीलबंद बाटल्या उघडून तपासल्या असता एका हलक्या बाटलीची शुद्धता ९८.४ टक्के, तर दोन जड बाटल्यांची ९६.४ व ९५.६ टक्के आढळली. लेबलवरील मर्यादा किमान ९८.० टक्के आहे. दोन्ही जड बाटल्यांमध्ये आतील बूच नीट बसलेले नव्हते. छायाचित्रे जोडली आहेत. हलक्या बाटलीचा निकाल आपल्या प्रमाणपत्राशी जुळतो. उत्पादनाविषयी आमची तक्रार नाही. काही बाटल्यांमधील माल लेबलवरील शुद्धतेचा नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कृपया पुढील गोष्टी १५ दिवसांत कळवाव्यात. प्रमाणपत्रावरील शुद्धता एकूण अल्कली आहे की कार्बोनेट वगळून, आणि ती कोणत्या पद्धतीने काढली आहे. आपण या लॉटमधून काढून ठेवलेल्या राखीव नमुन्याचा आजचा निकाल काय आहे, आणि तो नमुना विक्रीच्या बाटलीत ठेवला आहे की वेगळ्या पात्रात. बूच बसवण्याच्या तपासणीची या लॉटची नोंद. चार जड बाटल्या बदलून मिळाव्यात. न उघडलेल्या दोन जड बाटल्या आपला प्रतिनिधी येईपर्यंत आम्ही तशाच ठेवत आहोत."

पहिला प्रश्न कोरडा वाटेल, पण तो मुद्दाम घातला होता. कॉस्टिकची शुद्धता दोन प्रकारे सांगतात. काही जण कार्बोनेटसह एकूण अल्कली मोजून ती कॉस्टिक म्हणून लिहितात, काही जण कार्बोनेट वजा करतात. आमचा ९५.६ एकूण अल्कलीचा, म्हणजे पुरवठादाराला सोयीच्या हिशेबाचा आकडा होता. कार्बोनेट वजा केलं असतं तर तो आणखी सुमारे ०.६ने खाली गेला असता. तरीही त्यांची व्याख्या त्यांच्याच तोंडून आधी लिहून घेणं बरं, कारण नंतर ती बदलू शकते.

दोन बाटल्या राखून ठेवण्यावर थोडी चर्चा झाली. खरेदी विभागाला सगळाच माल परत करून मोकळं व्हायचं होतं. पण घन कॉस्टिक वाहतुकीच्या नियमात दाहक माल आहे, यूएन १८२३, वर्ग ८. कुरियरवाला तो सहज घेत नाही. आणि एकदा बाटल्या वितरकाच्या गोदामात गेल्या की आपल्याकडे फक्त फोटो उरतात.

उत्तर आणि दुसरं पत्र

उत्पादकाचं उत्तर आठवड्याभरात आलं, आणि ते अपेक्षेप्रमाणेच होतं. शुद्धता एकूण अल्कलीवर काढली आहे. राखीव नमुना पुन्हा तपासला, ९८.६ टक्के. तो नमुना काचेच्या पात्रात ठेवला आहे. कार्बोनेट मर्यादेत असल्यामुळे बाटली हवाबंद होती असं दिसतं. "कृपया माल थंड व कोरड्या जागी ठेवावा." बुचाच्या तपासणीबद्दल एक अक्षर नाही.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की हे उत्तर आपल्याच बाजूचं आहे. राखीव नमुना काचेच्या पात्रात ९८.६, आपली घट्ट बुचाची बाटली ९८.४, सैल बुचाची ९५.६. दुसरं पत्र चारच वाक्यांचं गेलं. राखीव नमुन्याचा निकाल आमच्या निष्कर्षाला दुजोरा देतो. दमट हवेत पाणी कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट जास्त शिरतं, त्यामुळे कार्बोनेट मर्यादेत असणं हा बाटली हवाबंद असल्याचा पुरावा ठरत नाही. बुचाच्या नोंदीची वाट पाहत आहोत. आपल्या प्रतिनिधीने येऊन राखीव जड बाटली स्वतः उघडावी.

वितरक स्वतः आला, आणि येताना आपल्या गोदामातल्या त्याच लॉटच्या आठ सीलबंद बाटल्या घेऊन आला. आपला माल बरा आहे हे दाखवायला आणल्या होत्या. आमच्या तराजूवर सहा ५६०च्या आत भरल्या आणि दोन ५६९ व ५६७ ग्रॅम. त्यातली ५६९ची त्याने स्वतःच्या हाताने उघडली. बूच तिरकं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "हे आता मीच त्यांना कळवतो."

या आठ बाटल्या आमच्या स्टोअरमध्ये कधी आल्याच नव्हत्या, त्यामुळे साठवणीचा मुद्दा आमच्यापुरता तिथेच संपला. काटेकोरपणे पाहिलं तर याने दोष उत्पादकाकडे सिद्ध होत नाही. वितरकाचं गोदामही गोव्यातच, हवा तीच. पण घट्ट बुचाच्या बाटल्या त्याच गोदामात त्याच हवेत राहूनही हलक्याच होत्या, आणि बूच गोदामात बसवत नाहीत.

निकाल

चार जड बाटल्यांच्या बदली बाटल्या मिळाल्या, त्याही चतुर्थीच्या सुट्टीनंतर. वेगळ्या लॉटच्या होत्या. पहिल्या, वापरातल्या बाटलीचे पैसे मिळाले नाहीत. ती उघडलेली होती, आणि तिचं वजन आल्या दिवशी कुणी केलेलं नव्हतं. चाचणीसाठी उघडलेल्या हलक्या बाटलीचा खर्चही लॅबनेच सोसला. उत्पादकाने बूच बसवण्याच्या यंत्राची "जुळणी तपासली" असं एका ओळीत कळवलं. लॉटची नोंद मागूनही दिली नाही, आणि कारण काय होतं हे त्यांनी शेवटपर्यंत लिहून दिलं नाही. पुरवठादाराच्या मूल्यांकन पत्रकात मॅडमनी ते तसंच नोंदवलं, गुण कापले, पण यादीतून काढलं नाही. फोंड्याहून दुसऱ्या दिवशी माल पोचवणारा दुसरा कोणी नव्हता, हे त्यामागचं खरं कारण.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या शिल्लक बाटल्यांचंही वजन केलं. सगळ्या एकसारख्या निघाल्या.

काय वेगळं करता आलं असतं

पाणी ओढून घेणाऱ्या रसायनांच्या बाटल्यांचं वजन आल्या दिवशीच करून लेबलवर लिहायला हवं होतं. बारा बाटल्यांना दहा मिनिटं लागतात. ते असतं तर पहिल्या बाटलीचे पैसेही मागता आले असते, आणि पाणी येण्याआधी शिरलं की आल्यानंतर, या प्रश्नाला थेट उत्तर मिळालं असतं. आमच्या आकड्यांनी बूच दोषी ठरवलं, पण पाणी नेमकं कधी शिरलं ते आम्ही सांगू शकलो नाही. आता तिथे कॉस्टिक, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइड यांच्यापुरतं हे होतं. एकाच खेपेत कुठलीही बाटली बाकीच्यांपेक्षा पाच ग्रॅमहून जास्त जड निघाली तर ती बाजूला ठेवतात. पाच ग्रॅम म्हणजे अर्धा किलोच्या बाटलीत शुद्धता साधारण एक टक्क्याने खाली. सीओएवर ९८.६ असेल तर मर्यादा ओलांडायला एवढं पुरतं.

वितरकाला त्याच दुपारी केलेला फोन मात्र टाळायला हवा होता असं मला वाटतं. हातात फक्त उघडी बाटली असताना तो केला गेला, आणि त्याच्याकडून "पावसात असंच होतं" हे उत्तर आधीच ठरून गेलं. उत्पादकाच्या पहिल्या उत्तरातलं थंड आणि कोरड्या जागेचं वाक्य तिथूनच आलं असावं. मॅडमचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते फोन झाला नसता तर वितरक बाटल्या घेऊन आलाच नसता, त्याला आपलं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं म्हणून तो आला.

फॅक्टरच्या मर्यादेबद्दल अजून एकमत नाही. ०.९९ मर्यादेत होता, म्हणून नियमाने कुणाला काही करायला सांगितलं नाही. केमिस्टने पाहिलं म्हणून कळलं. मी सुचवलं होतं की मर्यादेसोबत मागच्या दहा नोंदींशी तुलना करायची एक ओळ रजिस्टरमध्ये घालावी. त्यावर उत्तर मिळालं की ज्या लॅबमध्ये केमिस्ट दर सहा महिन्यांनी बदलतो तिथे ती ओळ कुणीतरी न वाचताच भरेल. ते रजिस्टर अजून जुन्याच नमुन्यात छापलं जातं.